तारखा फुल्ल असताना पाहुण्यांना काय कळवायचं? सातारा-कास भागातल्या होमस्टेवाल्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यवतेश्वर घाट चढून कासकडे निघालं की वाटेत आमचा चार खोल्यांचा होमस्टे लागतो. दोन खोल्या खाली, दोन वर. ऑगस्ट लागला की पाहुण्यांच्या फोनबरोबर आसपासच्या होमस्टेवाल्यांचेही मेसेज येतात आणि त्यातला निम्मा विषय एकच असतो: शनिवार भरलाय, लोक विचारतच आहेत, त्यांना काय सांगू? तेच तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या फुलांच्या हंगामातल्या अनुभवावरची आहेत. महाबळेश्वर-पाचगणीच्या उन्हाळी गर्दीला ती जशीच्या तशी लागू पडणार नाहीत.

1. "फुल्ल आहे, सॉरी" एवढं पाठवलं की झालं ना? जास्त लिहून काय मिळतं?

मीही आधी दोन वर्षं एवढंच पाठवायची. मग एकदा हंगाम संपल्यावर वही उघडून बसले. सप्टेंबरचे सगळे शनिवार लाल पेनाने भरलेले आणि त्याच आठवड्यांतले मंगळवार, बुधवार, गुरुवार कोरे. शनिवारसाठी ज्यांना मी नाही म्हटलं होतं, त्यांच्यात निवृत्त माणसं होती, घरून काम करणारी होती, सुट्टी टाकू शकणारी होती. त्यांनी शनिवार मागितला तो सवयीने. बुधवारी खोली रिकामी आहे आणि बुधवारी पठारावर गर्दीही कमी असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. सांगायचं मी होतं.

दुसरं म्हणजे ठरलेली बुकिंगं रद्दही होतात. पावसाचा इशारा आला, घरात कुणी आजारी पडलं, की खोली सुटते. त्या वेळी हाताशी नावं नसली तर भरलेला शनिवार ऐनवेळी रिकामा जातो.

2. उत्तर किती वेळात द्यायला हवं?

शक्यतो तासा-दोन तासांत. माणूस एकाच वेळी पाच ठिकाणी विचारतो आणि आधी उत्तर येईल तिथे अडकतो. पण वही बघितल्याशिवाय उत्तर देऊ नका. आमच्याकडे रेंज येते-जाते. बाजारात असताना आठवणीवर "आहे, या" म्हणून टाकलं आणि घरी येऊन पाहिलं तर ह्यांनी ती खोली सकाळीच दिलेली, असं एकदा झालंय. वही जवळ नसेल तर "तारखा बघून दुपारी दोनपर्यंत कळवते" एवढंच पाठवा, आणि दोनच्या आत कळवा.

3. मेसेजमध्ये नेमकं काय लिहायचं? एखादा नमुना द्याल का?

2025 च्या सप्टेंबरमध्ये मी एका जोडप्याला पाठवलेला मेसेज देते. मुंबईचे काका-काकू, काकूंच्या गुडघ्यामुळे खालचीच खोली हवी होती.

"नमस्कार काका. 20 सप्टेंबर, शनिवारची रात्र आमच्याकडे पूर्ण भरली आहे. तुम्ही दोघं, खालची खोली, कासची फुलं बघायला येताय, असं मी धरते. चुकत असेल तर सांगा.
खालची खोली गुरुवार 18 आणि रविवार 21 या दोन रात्री रिकामी आहे. दर 2,600, रात्रीचं जेवण आणि सकाळचा नाश्ता धरून. यातली एखादी जमत असेल तर आज रात्री नऊपर्यंत सांगा, तोवर ती खोली दुसऱ्या कुणाला देत नाही.
20 लाच यायचं असेल तर वेटिंगला नाव लिहून घेते. तुमच्या आधी दोन नावं आहेत. वेटिंगचे पैसे नाहीत आणि खोली मिळेलच असं मी म्हणत नाही. सुटली तर फोन करीन. नाही सुटली तर गुरुवारी संध्याकाळी तसं कळवीन.
खोली पक्की होईपर्यंत कासचा पास काढू नका."

यातलं पहिलं वाक्य बघा. तारीख, वार आणि "पूर्ण भरली आहे". बरेच जण "बघते, प्रयत्न करते" असं सुरुवातीला लिहितात आणि समोरच्याला वाटतं अर्धं काम झालंच. नकार आधी स्पष्ट द्यायचा, मग पुढची वाट दाखवायची. वार लिहायला विसरू नका. नुसत्या तारखेने घोळ होतात.

माणसं किती, खोली कुठली, कशासाठी येताय, हे आपल्या शब्दांत परत लिहायचं. त्यावरच पुढचं सगळं ठरतं (प्रश्न 4). आणि तारखा दोनच द्यायच्या, फार तर तीन. एकदा मी उत्साहाच्या भरात सात तारखा लिहिल्या. "घरी विचारून सांगतो" असं उत्तर आलं आणि पुढे काहीच आलं नाही.

4. जवळच्या तारखा कुठल्या सुचवायच्या? आदल्या-नंतरच्या दिवसाचं बघायचं एवढंच ना?

इथेच बहुतेकांचं चुकतं. कॅलेंडरवर जवळ असलेली तारीख पाहुण्याच्या कामाची असेलच असं नाही. तो कशासाठी येतोय ते आधी विचारायचं.

फुलांसाठी येणाऱ्याला चार-पाच दिवस मागेपुढे चालतात, महिना चालत नाही. ऑगस्टच्या अखेरीस पठारावर पांढरं जास्त असतं, गेंद आणि चवर. सप्टेंबर पुढे सरकतो तसा तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा पसरतो. ऑक्टोबर लागला की ऊन वाढतं आणि गवत वर येतं. पाऊस लांबला की हे सगळं आठवडाभर पुढे सरकतं, म्हणून "या तारखेला गालिचा असेल" असं छातीठोक कधीच लिहू नका. ज्याला 20 सप्टेंबर हवी आहे त्याला 18 किंवा 23 सुचवणं ठीक आहे. 11 ऑक्टोबर सुचवायची तर "फुलं सरत आलेली असतील" हे त्याच मेसेजमध्ये लिहायचं. न लिहिता खोली भरली तर तो पाहुणा आमच्या अंगणात उभा राहून विचारतो, "फुलं कुठायत हो?" त्याला उत्तर नसतं.

ठोसेघरचा धबधबा बघायला येणाऱ्याचं वेगळं. त्याला जुलै-ऑगस्टच्या तारखाही चालतील, उलट पाणी जास्त असेल. वासोट्याला जाणाऱ्याचं पार उलटं. पावसाळ्यात तो ट्रेक बंद असतो, वनखात्याची परवानगी लागते आणि बामणोलीहून शिवसागरातून लाँचने पलीकडे जावं लागतं. "सप्टेंबरमध्ये वासोटा करायचाय, खोली आहे का?" असं विचारणाऱ्याला मी सप्टेंबरची रिकामी खोली असली तरी देत नाही, थेट दिवाळीनंतरच्या तारखा देते. माझी एक रात्र गेली, पण घाट चढून आल्यावर त्याला कळण्यापेक्षा हे बरं.

मग आपल्याकडचे दिवस बघायचे. हंगामात रविवारची रात्र नेहमी रिकामी असते, कारण शनिवारवाले दुपारी जेवून निघतात. सोमवारची सुट्टी टाकू शकणाऱ्याला रविवारची रात्र आणि सोमवारी सकाळी पठार, हे मी सगळ्यात आधी सुचवते. सकाळी धुकं असलं तरी थांबायला त्याच्याकडे वेळ असतो, मागे गाड्यांची रांग नसते.

सण बघायला विसरू नका, पाहुण्याचेही आणि आपलेही. गौरी-गणपतीत आमच्या घरातच माणूस मावत नाही, ते दिवस मी सुचवतच नाही. नवरात्रात आमच्याकडे मांसाहार होत नाही. तांबडा-पांढरा खायच्या बेताने येणाऱ्या कोल्हापूरच्या मंडळींना हे तारीख सुचवतानाच सांगते. वर दिलेल्या काकांना रविवार 21 सुचवली तेव्हा मी कॅलेंडर नीट पाहिलंच नव्हतं, त्या दिवशी सर्वपित्री अमावास्या होती. काका म्हणाले, "अमावास्येला घाट चढायचा नाही." गुरुवारी काकूंची डॉक्टरांची वेळ होती. म्हणजे माझ्या दोन्ही तारखा बाद.

5. काही जणांना तारीख हलवताच येत नाही. त्यांना काय सांगायचं?

त्यांना दुसरी तारीख सुचवू नका. समोरच्याला वाटतं, आपलं यांनी वाचलंच नाही. सप्टेंबरमधल्या सातारा हिल मॅरेथॉनला धावायला येणारा, सज्जनगडावर दासनवमीला येणारा, नातेवाइकांच्या लग्नाला येणारा, यांची तारीख पक्की असते. त्यांना दोनच गोष्टी द्यायच्या: वेटिंग आणि शेजारच्या होमस्टेचं नाव (प्रश्न 12).

मॅरेथॉनच्या रविवारी आणखी एक भान ठेवा. शर्यत यवतेश्वर घाटातूनच वर येते, त्यामुळे सकाळी तो रस्ता वाहनांना बंद असतो. धावणाऱ्याने आमच्याकडे, म्हणजे घाटाच्या वर, मुक्काम करून पहाटे खाली कसं पोचायचं हा प्रश्नच आहे. त्याला मी सरळ सांगते, शहरात राहा. आणि फुलं बघायला येणाऱ्याला त्या शनिवारची खोली दिली असेल तर रविवारी सकाळी घाट उतरता येणार नाही, हे आधी सांगते.

6. मधल्या वारांना दर कमी करायचा का?

थोडा करा, पण तो मेसेजमध्ये सवलत म्हणून मिरवू नका. आमचा शनिवारचा दर 3,200, मधल्या वारी 2,600. उत्तरात फक्त त्या दिवसाचा दर लिहिते. "तुमच्यासाठी खास कमी करते" असं लिहिलं की समोरचा आणखी सहाशे उतरवायला बसतो.

7. वेटिंग लिस्ट म्हणजे नेमकं काय लिहून ठेवायचं? नाव-नंबर पुरेसा नाही का?

नाव-नंबर असेल तर खोली सुटल्यावर प्रत्येकाला पहिल्यापासून सगळं विचारावं लागतं आणि तेवढ्यात संध्याकाळ होते. माझ्या वहीत वेटिंगसाठी शेवटची पानं आहेत. एका तारखेला एक पान. त्यावर नावापुढे हे असतं: मेसेज कधी आला, माणसं किती आणि त्यात लहान मुलं किती, किती खोल्या, खाली की वर, एकच रात्र की जोडून दोन, कुठून येणार, आणि किती आधी सांगितलं तर निघू शकतील.

हे शेवटचं सगळ्यात उपयोगी. पुण्याचा माणूस शनिवारी सकाळी फोन केला तरी दुपारी पोचतो. नागपूरच्याला दोन दिवस आधी सांगूनही उपयोग नाही, रेल्वेचं तिकीट कुठून आणणार? असं नाव मी वेटिंगला घेते, पण "आठवडाभर आधी सुटली तरच कळवीन" असं तेव्हाच सांगते.

एका तारखेला पाचांपेक्षा जास्त नावं घेत नाही. चार खोल्यांच्या घरात सहाव्या माणसाचा नंबर लागल्याचं मला आठवत नाही. उगाच कशाला कुणाला ताटकळत ठेवायचं? सहाव्याला "वेटिंगही भरली" असं सांगते आणि मधल्या वारांच्या तारखा देते.

8. वेटिंगला नाव लिहिताना थोडा ॲडव्हान्स घेतला तर माणूस टिकतो. घ्यावा का?

माझं मत ठाम आहे: घेऊ नये. पैसे घेतले की त्याला वाटतं खोली मिळणारच, आणि तो दुसरीकडे बघणं थांबवतो. नाही मिळाली की परत पाठवायचे, त्यात कुणाचा यूपीआय नंबर बदललेला, कुणाचे पैसे मुलाच्या खात्यातून आलेले. पाचशे रुपयांसाठी चार फोन.

खोली सुटल्यावर मात्र निम्मे पैसे आल्याशिवाय नाव पक्कं करत नाही. त्यात सूट नाही.

9. खोली सुटली की आधी कुणाला द्यायची? पहिल्या नंबरालाच ना?

पहिल्या नंबरालाच आधी विचारायचं, पण सुटलेली खोली त्याला बसत असेल तर. 20 सप्टेंबरचंच उदाहरण सांगते, कारण त्यात सगळ्या भानगडी आल्या.

पानावर तीन नावं होती. पहिलं, पुण्याचं चौघांचं कुटुंब, एक खोली, शनिवारची रात्र. दुसरं, कोल्हापूरचे सहा मित्र, दोन खोल्या, शुक्रवार-शनिवार जोडून. तिसरं, मुंबईचे काका-काकू, खालची खोली, फक्त शनिवार. सोमवारी 15 तारखेला सकाळी एक बुकिंग रद्द झालं. वरची एक खोली, फक्त शनिवारची रात्र.

अकरा वाजता पुण्याला फोन केला आणि लगेच तेच मेसेज करूनही पाठवलं: वरची खोली सुटली आहे, संध्याकाळी सहापर्यंत निम्मे पैसे पाठवलेत तर तुमची, नाहीतर पुढच्याला विचारीन. फोनवर बोललेलं माणसं विसरतात, मेसेज राहतो. त्यांनी चार वाजता कळवलं की दुसरीकडे घेतली. ठीक.

दुसरा नंबर कोल्हापूरचा. त्यांना एक खोली आणि एक रात्र पुरणार नाही हे कागदावर दिसतच होतं. तरी मी विचारलं, कारण आपण मनाने ठरवून पुढे गेलो आणि त्यांना नंतर कळलं तर राग धरतात. "एकच खोली आहे, तीन गाद्या बसतात, सहाजण नाही." पाच मिनिटांत नाही म्हणाले.

तिसरे काका. त्यांना खालची हवी आणि सुटलेली वरची. इथे मी थोडं पुढे गेले. खालच्या एका खोलीत पुण्याचे दोघं तरुण येणार होते, त्यांचं बुकिंग जुलैपासूनचं. त्यांना फोन केला, "वरची खोली सुटली आहे, सज्जा आहे, चालेल का? नको असेल तर तुमची खालची आहेच, त्यात काही बदल नाही." सज्जाचं नाव ऐकून ते खूश झाले. त्यांनी मेसेजवर हो लिहून दिल्यावरच मी काकांना फोन केला. ही क्रमवारी महत्त्वाची. आधी काकांना शब्द दिला असता आणि ती मुलं नको म्हणाली असती तर मी दोन्हीकडून अडकले असते.

काकांनी अर्ध्या तासात पैसे पाठवले. रविवारी, म्हणजे भर अमावास्येला, ते घाट उतरून परत गेले. मी आठवण करून दिली तर म्हणाले, "घरी परतायला चालते हो."

उत्तरासाठी किती वेळ द्यायचा तेही इथेच सांगते. पाच-सहा दिवस हातात असतील तर संध्याकाळपर्यंत. दोन दिवस असतील तर दोन तास. आदल्या दिवशी असेल तर वीस मिनिटं, आणि तसं फोनवरच सांगायचं.

10. कासचा पास आणि वेटिंग यांचा काय संबंध?

मोठा आहे. हंगामात पठारावर दिवसाला ठरावीक माणसंच सोडतात, ऑनलाइन नोंदणी करावी लागते आणि ती विशिष्ट दिवसाची असते. 2012 मध्ये पश्चिम घाटाबरोबर कासचं नाव जागतिक वारसा यादीत गेलं, त्यानंतर गर्दी इतकी वाढली की हे आवरणं भागच होतं. पाहुणा वेटिंगवर असतानाच उत्साहाने शनिवारचा पास काढून ठेवतो. मग खोली मिळत नाही, आपण रविवार रात्र सुचवतो, तर तो म्हणतो, "पण पास शनिवारचा आहे." जवळची तारीख देण्याची सगळी मेहनत तिथेच संपते.

उलटी अडचणही असते. खोली शुक्रवारी सुटली, पाहुणा शनिवारी दुपारी पोचला आणि शनिवार-रविवारचे पास आधीच संपलेले. म्हणून खोली सुटल्याचा फोन करण्याआधी मी पासची काय स्थिती आहे ते बघते आणि सांगते. पास नसेल तर "खोली आहे, पठार बघायला मिळेलच असं नाही, ठोसेघर, सज्जनगड आणि चाळकेवाडीच्या पवनचक्क्या होतील" असं स्पष्ट बोलते. तरी काहीजण येतात. फाटकावरच्या समितीच्या माणसांशी तुमची ओळख असली तरी "मी सोडवून देते" असा शब्द कुणाला देऊ नका. त्यांनाही दिवसभर तेच ऐकावं लागतं.

11. जुना पाहुणा किंवा नातेवाईक मध्येच आला, किंवा कुणी जास्त पैसे देतो म्हणाला तर?

जास्त पैशांवर नंबर बदलायचा नाही. सातारा गाव केवढं? आज ना उद्या कळतंच.

जुन्या पाहुण्यांसाठी मात्र मी जूनमध्येच मेसेज करते की हंगामाच्या तारखा उघडतेय, हव्या असतील तर आठवड्याच्या आत सांगा. त्यानंतर तेही रांगेत. नातेवाइकांचं नियमात बसवणं मला अजून जमलेलं नाही. माझी मावसबहीण शनिवारी दुपारी न सांगता आली तेव्हा ती आमच्या खोलीत झोपली आणि आम्ही दोघं ओसरीवर.

12. शेजारच्या होमस्टेकडे पाठवावं का? त्यात आपलं नाव खराब झालं तर?

ज्या घरात तुम्ही स्वतः जेवला आहात आणि ज्याचं न्हाणीघर बघितलं आहे, तिथेच पाठवा. पाहुण्याचा नंबर परस्पर त्यांना देऊ नका, त्यांचा नंबर पाहुण्याला द्या. पाठवण्याआधी शेजाऱ्याला विचारा, त्यांच्याकडे जागा आहे का. नाहीतर पाहुण्याला दुसरा नकार मिळतो, तोही आपल्यामुळे. कमिशन घ्यायचं की नाही हे तुमचं तुम्ही ठरवा. आम्ही घेत नाही, ते आमच्याकडे पाठवतात तेव्हा देतही नाही.

13. "आम्ही खाली गाद्या टाकून कसंही झोपू" म्हणणाऱ्यांना काय सांगायचं?

प्रश्न झोपण्याचा नसतो, पाण्याचा आणि संडासाचा असतो. आमच्या टाकीत दहा-बारा माणसांच्या आंघोळीचं पाणी बसतं. पंधरा झाली की सकाळी आठला शेवटच्या खोलीचा नळ कोरडा पडतो आणि ओरड होते ती ज्यांनी दोन महिने आधी पैसे भरलेत त्यांची. म्हणून मी लिहिते, "जागा काढता येईल, पण तुमची आणि बाकीच्यांची सोय नीट होणार नाही." यावर कुणी वाद घालत नाही. "नियमात बसत नाही" असं लिहिलं की घालतात.

14. आम्ही बुकिंग साइटवरही आहोत आणि फोनवरही घेतो. वेटिंगची खोली साइटवर आपोआप विकली गेली तर?

हे हमखास होतं. साइटवरून बुकिंग रद्द झालं की ती तारीख तिथे लगेच परत उघडी पडते. तुम्ही वेटिंगमधल्या पहिल्याला फोन लावेपर्यंत तिसराच कुणीतरी घेऊन मोकळा. वेटिंगवर माणसं असतील तर रद्द झाल्याचा मेसेज दिसताक्षणी ती तारीख साइटवर हाताने बंद करा, मग फोन करा. सगळ्यांनी नको म्हटलं की परत उघडा. दोन साइटवर असाल आणि कॅलेंडर एकमेकांना जोडलेली असतील तरी बदल पोचायला वेळ लागतो, त्यावर विसंबू नका, दोन्हीकडे हाताने बंद करा.

साइटवरून विचारणा आली असेल तर उत्तरही तिथेच द्या. बुकिंगआधी फोन नंबर देणं बऱ्याच साइटना चालत नाही. अशा माणसाला जवळच्या तारखा तिथेच सुचवायच्या आणि वेटिंगची नोंद वहीत "साइटवरचे" म्हणून वेगळी ठेवायची.

15. खोली सुटलीच नाही तर शेवटी काय कळवायचं? आणि अगदी शनिवारी दुपारी सुटली तर?

ठरलेल्या दिवशी मेसेज करायचाच. माझा दिवस गुरुवार, संध्याकाळी सात. "20 तारखेची खोली सुटली नाही, आता सुटण्याची आशा कमी आहे, तुम्ही दुसरीकडे बघा. रविवार रात्र अजून रिकामी आहे." इतकंच. अनेकजण हा मेसेज टाळतात, म्हणतात वाईट वाटतं. पण न कळवल्यामुळे शुक्रवारी रात्री अकराला "काही झालं का हो?" असा फोन येतो, तो जास्त वाईट.

या मेसेजमध्ये मी एक विचारते: "शनिवारी ऐनवेळी सुटली तर फोन करू का, की नाव काढू?" नाव काढा म्हणणाऱ्यांचं काढायचं. फोन करा म्हणणारे बहुतेक सातारा, कराड, वाई, पुण्याकडचे असतात. शनिवारी दुपारी खोली सुटली तर फक्त त्यांनाच फोन. तेव्हा क्रम बघत बसत नाही, जो आधी पैसे पाठवेल त्याची, आणि हेही गुरुवारीच लिहिलेलं असतं. जेवणाचं मात्र आधी घरात विचारते. चारनंतर सांगितलं तर भाकरी-पिठलं मिळेल, भरली वांगी नाही.